बाराशे फ्लॅटची थकबाकी यादी: क्विकसॉर्ट कोसळतोय, मर्ज लिहू का?

माजिवडा_नाका
नमस्कार मंडळी. सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे. मिनी प्रोजेक्टला खराखुरा डेटा घ्या असं मॅडमनी सांगितलं, म्हणून बाबांकडून आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीची मेंटेनन्स थकबाकीची यादी मिळवली. नावं काढून टाकलीत, फक्त फ्लॅट नंबर आणि रक्कम ठेवलीय. अट एकच आहे: तयार `sort()` वापरायचा नाही, सॉर्ट आपला आपण लिहायचा.

यादी माझ्याकडे फ्लॅट नंबरच्या क्रमाने येते. ती रकमेनुसार लावायची, पण ज्यांची रक्कम सारखी त्यांचा फ्लॅटचा क्रम आहे तसाच राहायला हवा, कारण बाबा तीच यादी नोटीस बोर्डवर लावतात.

क्विकसॉर्ट लिहिला. नुसत्या ए विंगवर, म्हणजे ११२ फ्लॅटवर, चालला. सगळ्या फेज मिळून १,२४८ फ्लॅट दिले की `RecursionError: maximum recursion depth exceeded`. त्यातल्या १,१०४ जणांची थकबाकी शून्य आहे, याचा काही संबंध असेल का माहीत नाही. विभागणी अशी केलीय:

```python
def partition(a, lo, hi):
    p = a[hi].due
    i = lo
    for j in range(lo, hi):
        if a[j].due < p:
            a[i], a[j] = a[j], a[i]
            i += 1
    a[i], a[hi] = a[hi], a[i]
    return i
```

क्विक दुरुस्त करू की सरळ मर्ज लिहू?

ठाणे_लोकल
अरे, हा तर ठरलेला प्रश्न आहे. यादी आधीच क्रमाने लावलेली आणि तू पिवोट शेवटचा घेतोयस. प्रत्येक वेळी एका बाजूला सगळे, दुसऱ्या बाजूला कोणी नाही. पिवोट रँडम घे, विषय संपला. मर्जच्या नादी लागू नकोस, तो दुप्पट मेमरी खातो. क्विकला एक बाइटही जास्त लागत नाही.

माजिवडा_नाका
घेतला दादा. `hi` च्या जागी रँडम घटक आणून ठेवला, बाकी कोड तोच. पाच वेळा चालवलं, पाचही वेळा तोच एरर.

सोसायटीकाका
मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, अनुभवाने सांगतो. मर्ज अजिबात करू नका. एक्सेलमध्ये विंगचं नाव मर्ज केलेल्या सेलमध्ये असेल तर सॉर्ट चालतच नाही, सगळे मर्ज केलेले सेल एकाच मापाचे हवेत असं म्हणतो. मार्चअखेरीला मी दोन तास यात घालवले आहेत. आधी अनमर्ज करा, मग डेटा मेनूतून सॉर्ट, दोन पातळ्या लावायच्या.

माजिवडा_नाका
काका, हा मर्ज वेगळा, दोन लावलेल्या याद्या एकत्र करण्याचा. पण दोन पातळ्यांचं लक्षात ठेवतो.

ठाणे_लोकल
रँडम घेऊनही पडतोय म्हणजे पायथनची मर्यादा आड येतेय. ती मुळात १,००० असते. वर `sys.setrecursionlimit(10000)` टाक.

माजिवडा_नाका
चालला!! वेळही काही जाणवला नाही. धन्यवाद दादा.

निवांत_नेरूळ
थांब, इतक्यात धन्यवाद देऊ नकोस. ताप उतरवलास, आजार तिथेच आहे.

पहिलं म्हणजे तुझी यादी फ्लॅटच्या क्रमाने लावलेली आहे, रकमेच्या नाही. तू तुलना रकमेची करतोयस. तेव्हा "आधीच लावलेली यादी" हे निदान इथे लागूच होत नाही. तुझं उत्तर तुझ्याच प्रश्नात होतं: १,१०४ शून्यं.

कोडमधली `<` ची ओळ बघ. समज पिवोट शून्याचा आला. शून्यापेक्षा लहान कोणी नाही, म्हणून `i` जागचा हलत नाही. डावीकडे रिकामं, आणि उजवीकडे पिवोट सोडून बाकी सगळे. पुढच्या फेरीत पुन्हा एखादं शून्य पिवोट, पुन्हा एकच घटक जागेवर बसला. आता रँडमने काय बदलणार? १,१०४ सारख्या चिठ्ठ्यांतून डोळे मिटून उचललीस काय आणि उघडे ठेवून उचललीस काय, चिठ्ठी तीच. शून्यांची साखळी १,१०४ पायऱ्यांची होणारच, म्हणून हजाराची मर्यादा प्रत्येक वेळी फुटते. पाचपैकी पाच वेळा पडला हीच खूण आहे. पिवोट निवडण्यात दोष असता तर रँडम घेतल्यावर निदान एखाद्या वेळी तरी सुटला असतास.

वेळ जाणवला नाही कारण आकडा लहान आहे. शून्यांच्या आपापसातल्या तुलना १,१०४ × १,१०३ ÷ २, म्हणजे सहा लाखांच्या थोड्या वर. हेच ५० हजार नोंदींचं असतं तर सव्वाशे कोटी झाल्या असत्या, आणि मर्यादा अशीच वाढवत नेली असतीस तर कारण सांगणारा एररही आला नसता. नुसता बसून राहिला असतास.

`partition` च्या बाहेर रिकर्शनची खोली मोजणारा एक काउंटर ठेव आणि सर्वांत मोठा आकडा छाप. सॉर्ट ठीक असेल तर १,२४८ ला तो दहा-वीसच्या घरात, फार तर तिसाच्या आसपास यायला हवा.

माजिवडा_नाका
छापला. १,१२१. 😐

पामबीच_पळपुटा
मग `<` चं `<=` कर की. कॉन्टेस्टमध्ये मी तेच करतो.

निवांत_नेरूळ
त्याने फक्त बाजू बदलते. सगळी शून्यं आता डावीकडे जातील आणि उजवीकडे कोणी नसेल. ज्या विभागणीत सारखे घटक एकाच बाजूला ढकलले जातात, तिचं हे असंच होणार. हिला लोमुटोची पद्धत म्हणतात. लिहायला सोपी, म्हणून वर्गात हीच शिकवतात.

होअरने १९६१ मध्ये क्विकसॉर्ट छापला तेव्हाची विभागणी वेगळी होती. तिच्यात दोन बोटं दोन टोकांकडून आत येतात. तिच्या आजच्या रूपात डावं बोट पिवोटपेक्षा लहान घटक ओलांडतं, उजवं मोठे ओलांडतं, आणि पिवोटएवढा घटक दिसला की दोन्ही थांबतात. थांबले की अदलाबदल करून पुढे. सारख्या घटकांची अदलाबदल वरवर बघता फुकटची वाटते, पण तिच्यामुळेच दोन्ही बोटं साधारण मध्यावर भेटतात आणि यादीचे दोन बऱ्यापैकी सारखे तुकडे पडतात.

```python
def partition(a, lo, hi):
    p = a[(lo + hi) // 2].due
    i, j = lo - 1, hi + 1
    while True:
        i += 1
        while a[i].due < p: i += 1
        j -= 1
        while a[j].due > p: j -= 1
        if i >= j: return j
        a[i], a[j] = a[j], a[i]
```

याच्यापुढे रिकर्शन `lo..j` आणि `j+1..hi` असं लाव. जुन्या सवयीने `j-1` लिहिलंस तर चुकेल, कारण इथे पिवोट `j` वर बसलेला असेलच असं नाही. आणि इथे पिवोट `a[hi]` घेऊ नकोस. तो सगळ्यात मोठा निघाला तर `j` पहिल्याच फटक्यात `hi` वर थांबतो, आणि तू तीच यादी पुन्हा पुन्हा देत बसतोस.

माजिवडा_नाका
ताई, खोली १४ आली! पण आता दुसरंच झालंय. शून्यवाल्यांचा फ्लॅट क्रम पार विस्कटला. ही यादी बोर्डवर लावली तर बाबा मलाच नोटीस देतील.

निवांत_नेरूळ
विस्कटणारच. चार फ्लॅट घे: १०१, १०२, १०३, १०४, सगळ्यांची थकबाकी शून्य. कागदावर माझ्याबरोबर कर.

डावं बोट १०१ वर थांबलं, उजवं १०४ वर. अदलाबदल. मग १०२ आणि १०३, पुन्हा अदलाबदल. यादी झाली १०४, १०३, १०२, १०१, आणि मधोमध तुकडा पडला. डाव्या तुकड्यात १०४ आणि १०३ पुन्हा आपसात बदलले, उजव्यात १०२ आणि १०१. शेवटी हातात आलं १०३, १०४, १०१, १०२.

रकमेच्या दृष्टीने यादी बिनचूक आहे. चारही शून्यं, कुठेही ठेव. पण फ्लॅटचा क्रम गेला. आणि तो गेला कशामुळे, तर ज्या अदलाबदलीने तुझी खोली हजारावरून चौदावर आणली तिच्यामुळेच. सारख्या घटकांना सारखं वाटायचं तर लांबून इकडचे तिकडे करावे लागतात, आणि लांबची उडी मारली की मधल्यांचा मान जातो. म्हणून जागच्या जागी चालणारा साधा क्विकसॉर्ट स्टेबल नसतो. एखादी ओळ बदलून तो स्टेबल होत नाही.

मर्जमध्ये उडीच नाही. डाव्या यादीतले सगळे मुळात उजव्यातल्यांच्या आधीचे. बरोबरी झाली की डाव्याचा आधी घ्यायचा, की क्रम आपोआप टिकतो.

रबाळे_बोर्ड
मर्जला मेमरी लागते आणि क्विकला "एक बाइटही नाही" असं वर कोणीतरी म्हटलंय, त्यावरून माझी गोष्ट सांगतो.

एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. टाकीच्या तापमानाची २,००० रीडिंग साठवून त्यांचा मधला आकडा काढायचा होता. चिप एसटीएम३२एफ१०३, रॅम २० केबी. एक रीडिंग ४ बाइट, म्हणजे ८,००० बाइट डेटाच झाला. मर्जसाठी तेवढाच दुसरा अॅरे घेतला तर १६,००० गेले, उरलेल्यात स्टॅक आणि बाकी सगळा संसार. म्हणून मोठ्या रुबाबात क्विकसॉर्ट टाकला, असाच शेवटच्या पिवोटवाला.

दिवसा बोर्ड उत्तम चालायचा, रात्री हँग. आठवडाभर पॉवर सप्लायला शिव्या घातल्या. मग कळलं, रात्री प्लांट बंद, तापमान स्थिर, दोन हजार रीडिंग जवळपास सारखी. रिकर्शनच्या एका पायरीला माझ्याकडे ३२ बाइट लागत होते. दोन हजार पायऱ्या म्हणजे ६४,०००, आणि रॅम अख्खी वीस हजार. पायथन निदान एरर देतो. इथे स्टॅक खाली सरकत सरकत माझ्याच व्हेरिएबलवर चढला आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

तेव्हा क्विकलाही मेमरी लागते. फक्त ती `malloc` मध्ये दिसत नाही.

ठाणे_लोकल
ठीक, स्टॅकचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय आहे ना? लहान तुकड्यावर रिकर्शन करायचं आणि मोठा तुकडा त्याच फंक्शनमध्ये लूपने फिरवायचा. मग खोली लॉगच्या वर जातच नाही.

रबाळे_बोर्ड
तेच केलं. दोन हजाराला खोली ११ च्या आत आली, हँग थांबला. पण सारखी रीडिंग असली की वीस लाख तुलना होत होत्याच. स्टॅक वाचला, वेळ नाही वाचला. ७२ मेगाहर्ट्झवर ते चालून जातं, म्हणून तसंच सोडलं.

आता नेरूळताईंची विभागणी बघून पुन्हा उचकलोय. आकड्यांना कसला आलाय क्रम, २८.५ आणि २८.५ मधला आधीचा कोणता हे मला नकोच आहे.

निवांत_नेरूळ
बरोबर, तुम्हाला स्टेबल नकोच. जावामध्येही नेमका हाच विचार दिसतो. `int` च्या अॅरेला दोन पिवोटचा क्विकसॉर्ट, ऑब्जेक्टच्या अॅरेला मर्जच्या घराण्यातला टिमसॉर्ट. दोन पाच आपसात बदलले तर कोणाला दिसणार? दोन फ्लॅट बदलले की बोर्डसमोर भांडण.

आणि मर्जलाच घ्यायचं असतं तर अख्खा दुसरा अॅरे लागत नाही. फक्त डावा अर्धा बाहेर कॉपी करायचा आणि मूळ जागेत जोडत जायचं. तुमचे ८,००० चे ४,००० झाले असते.

कळवा_स्लो
सारख्यांच्या क्रमावरून आमचाही एक जुना बग. २०१८ च्या आधीची गोष्ट आहे, ऐरोलीला असताना. ऑर्डरचं टेबल होतं, कॉलमवर क्लिक केलं की लागायचं. टेस्टरकडे कधी चुकायचं नाही, ग्राहकाकडे रोज चुकायचं. टेस्टरच्या डेटात दहा ओळी, ग्राहकाकडे दोनशे. तेव्हाच्या क्रोममध्ये दहापर्यंत घटक असले तर इन्सर्शन सॉर्ट चालायचा, तो स्टेबल. अकरावा आला की क्विकसॉर्ट. क्रोम ७० मध्ये टिमसॉर्ट आला तेव्हा बग आपोआप मेला, आणि आम्ही लावलेलं ठिगळ अजून कोडमध्ये आहे.

माजिवडा_नाका
मर्ज लिहिला. आता फ्लॅट विस्कटले नाहीत, पण प्रत्येक रकमेतले फ्लॅट शेवटाकडून सुरुवातीकडे उलटे आलेत. एकदम शिस्तीत उलटे. हे कसं?

निवांत_नेरूळ
कोड न बघता सांगते. जोडताना `if left[i].due < right[j].due` लिहिलंयस आणि `else` मध्ये उजवा घेतलायस. बरोबरी झाली की उजवा आधी जातो, प्रत्येक पातळीवर जातो, म्हणून सगळा गट अगदी नीट उलटतो. `<=` कर. पळपुट्याने सुचवलेला `=` तिकडे बिनकामाचा होता, इथे त्याच्यावरच सगळं आहे.

क्रम असा शिस्तीत उलटला तर मर्जमधली बरोबरी तपासायची. वेडावाकडा विस्कटला तर कुठेतरी क्विक आहे.

माजिवडा_नाका
`<=` हवं होतं तिथे खरंच `<` होतं. 🙏 आता बाबांना मोठी थकबाकी वर हवीय. शेवटी `reverse()` केलं की झालं ना?

निवांत_नेरूळ
नाही. त्याने रकमेबरोबर फ्लॅटही उलटतील, म्हणजे पुन्हा तिथेच. तुलनेची दिशा बदल, `>=` लाव.

ठाणे_लोकल
एक विचारू? हा सगळा खटाटोप कशाला? तुलना नुसत्या रकमेची न करता रक्कम आणि फ्लॅट नंबर अशा जोडीची करा. दोन फ्लॅटचे नंबर सारखे नसतात, म्हणजे यादीत सारखे घटकच उरत नाहीत. मग लोमुटोही चालेल, स्टेबल असण्याचीही गरज नाही. काकांच्या एक्सेलच्या दोन पातळ्या म्हणजे हेच की.

निवांत_नेरूळ
हे पटलं. मीच आधी सांगायला हवं होतं.

फक्त गंमत बघा. जोडीने तुलना केली की १,१०४ शून्यं फ्लॅटच्या क्रमाने, म्हणजे आता खरोखरच लावलेली आहेत. तुमचं पहिल्या दिवशीचं निदान आज लागू झालं. शेवटचा पिवोट ठेवला तर पुन्हा हजारावर खोली जाईल, आणि या खेपेला रँडम पिवोट तिला नक्की खाली आणेल.

ठाणे_लोकल
म्हणजे मी बरोबर होतो, फक्त चार दिवस लवकर. 😄

माजिवडा_नाका
जोडी लावून रँडम पिवोटने क्विक चालवला, खोली २३. पण A-1001 हा A-101 च्या आधी येतोय. मर्जमध्ये असं होत नव्हतं.

पामबीच_पळपुटा
स्ट्रिंग आहे ना ती. अक्षर अक्षर बघते, चौथ्या जागेपर्यंत सारखं, मग 0 आणि 1. विंग वेगळी काढ, नंबर `int` कर. मर्ज फ्लॅटकडे बघतच नव्हता, म्हणून वाचलास.

निवांत_नेरूळ
अगदी. सोसायटीच्या यादीचा जो काही क्रम आहे तो मर्ज न विचारता जपतो. जोडीच्या पद्धतीत तो क्रम तुला नियमात मांडता यायला हवा. तुमच्याकडे रो-हाउस, दुकानं वेगळ्या नंबरांची असतील तर बघ, तो नियम लिहिणं सोपं नाही. मी असते तर मर्ज दिला असता.

ठाणे_लोकल
मी क्विकच दिला असता. नियम डोक्यात आहे तर कोडमध्ये लिहायला काय हरकत? उद्या यादी वेगळ्या क्रमाने आली तर तुमचा मर्ज तोच चुकीचा क्रम इमानदारीने जपणार.

सोसायटीकाका
आमच्याकडे दुकानं S-1 ते S-14, आणि ती ए विंगच्या आधी लागतात. बिल्डरने तसं लावलं होतं, तेव्हापासून तसंच.

माजिवडा_नाका
आमच्याकडेही तसंच आहे काका, आत्ता बघितलं. मर्ज देतोय. व्हायवात मेमरीबद्दल विचारलं तर १,२४८ नोंदींच्या यादीला जास्तीची जागा दहा केबीच्या आसपास लागते असं सांगेन.

रबाळे_बोर्ड
दहा केबी आसपास म्हणे! माझ्याकडे अख्ख्या रॅमचा अर्धा झाला तो. असो. होअरची विभागणी आज बोर्डवर टाकली, रात्री प्लांट बंद झाला की मोजतो.